एक नाटक, तीन कॅमेरे

कसारा, खर्डी, डोळखांब, किन्हवली किंवा पलीकडे मुरबाड, धसई, टोकावडे या पट्ट्यात जत्रेला, गणपतीत किंवा नवरात्रात गावातल्याच मुलांनी बसवलेलं नाटक होतं. मंडळाची इच्छा असते की यंदा त्याचं नीट चित्रीकरण व्हावं. लग्नाची कामं करणारा गावातला छायाचित्रकार दोन कॅमेरे आणतो, कुणीतरी चांगला मोबाइल देतो आणि तीन कॅमेरे जमतात. पुढे संगणकावर बसल्यावर कळतं की तीन फितींतले ओठ तीन वेगवेगळ्या वेळी हलताहेत, लांबच्या कॅमेऱ्यात संवादांपेक्षा जनरेटर मोठा आहे आणि ज्या क्षणी खलनायकाने सुरा काढला त्या क्षणी दोन्ही जवळचे कॅमेरे नायिकेवर होते. हे तिन्ही दोष प्रयोगाच्या आधी टाळता येतात. नंतर त्यांतले दोन दुरुस्त करायला रात्री जातात आणि तिसरा दुरुस्त होतच नाही.

हिशोब सोपा व्हावा म्हणून एक प्रयोग डोळ्यांसमोर धरू. कसाऱ्याजवळच्या गावात उघड्या मैदानावर चोवीस फूट रुंदीचा रंगमंच आहे. नाटक दोन अंकी, पहिला अंक तासाभराचा, दुसरा त्याहून थोडा मोठा. प्रेक्षकांच्या मागे, रंगमंचापासून 27 मीटरवर, फळ्यांचा उंच माळा बांधून तिथे पहिला कॅमेरा. डाव्या-उजव्या बाजूंना रंगमंचापासून सहा-सात मीटरवर दुसरा आणि तिसरा. तिसरा म्हणजे मोबाइल. ध्वनिमुद्रणासाठी वेगळा रेकॉर्डर. थेट कॅमेरे बदलत राहण्यासाठी चार जोडण्यांचा छोटा व्हिडिओ स्विचर.

सुरुवात आवाजापासून करा, कारण चित्र बदलत राहतं, आवाज मात्र पहिल्या घंटेपासून शेवटच्या टाळीपर्यंत एकच राहायला हवा. प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, न कळणारा संवाद करत नाही. कॅमेऱ्यावरच्या मायकावर विसंबू नका. तो 27 मीटरवर आहे आणि त्याच्या सर्वांत जवळ बसलेला माणूस शेंगा सोलतोय.

आवाज तीन ठिकाणांहून घ्या. पहिला, ध्वनिवाल्याच्या मिक्सरमधून थेट तारेने. इथे एक गोष्ट हमखास चुकते: मिक्सरमधून लाइनचा जोरदार सिग्नल येतो आणि रेकॉर्डर मायकवर ठेवलेला असतो. मग मोठ्या आवाजाला खरखर येते आणि ती नंतर कशानेही जात नाही. रेकॉर्डरच्या मेनूत लाइन निवडा आणि सर्वांत मोठ्या आरोळीला पट्टी उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. दुसरा, रंगमंचाच्या कडेला, पायांच्या जवळ ठेवलेले एक-दोन सपाट माइक किंवा स्पंजावर ठेवलेला छोटा रेकॉर्डर. वर टांगलेल्या मायकांखालून नट सरकला की मिक्सरमधला आवाज बारीक होतो, तेव्हा हा कामाला येतो. तिसरा, प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माइक, फक्त हशा आणि टाळ्यांसाठी. मिक्सरमधून आलेल्या आवाजात हशा जवळजवळ नसतो. विनोदी नाटक अशा आवाजावर बघायला बसलं की नट उगाच थांबतोय असं वाटतं, कारण तो ज्या हशासाठी थांबला तो ऐकूच येत नाही.

मिक्सरची तार जोडल्यावर एकसारखा गुणगुणाट आला तर बहुधा ध्वनिवाला आणि तुमचा स्विचर वेगवेगळ्या वीजजोडण्यांवर आहेत. शक्यतो दोघांनी एकाच पट्टीवरून वीज घ्यावी, दिव्यांच्या डिमरच्या जोडणीवरून मात्र कधीच नाही. तेही जमत नसेल तर मध्ये डीआय बॉक्स घाला. गुणगुणाट जावा म्हणून प्लगची अर्थिंग काढून टाकणारे लोक आहेत. ओल्या मैदानावर, लोखंडी खांबांच्या मांडवात ते जिवावर बेतू शकतं. तसं करू नका आणि करू देऊ नका.

कसाऱ्याची एक खास अडचण आहे. इथून इगतपुरीकडे चढणाऱ्या घाटात चढ 37 फुटांना एक फूट इतका आहे, त्यामुळे गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. रात्री मालगाड्या चालू असतात, इंजिनं भोंगे देतात, शिवाय मुंबई-नाशिक महामार्गावरचे ट्रक घाटाच्या तोंडाशी गिअर बदलतात. हे आवाज बंद करता येत नाहीत. त्यांच्यावर उपाय एकच, माइक नटांच्या जवळ नेणं. अंतर निम्मं झालं की मायकात नटाचा आवाज ठळक वाढतो, दूरच्या इंजिनाचा तेवढाच राहतो. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी, त्याच वेळेला, मायकांसह दोन मिनिटं नुसती शांतता मुद्रित करा आणि हेडफोन लावून ऐका. जनरेटर कुठे ठेवायचा, कुठला माइक रुळांकडे पाठ करून फिरवायचा, हे त्या दोन मिनिटांत कळतं.

आता मुख्य भाग, तिन्ही कॅमेरे आणि रेकॉर्डर यांची वेळ जुळवणं.

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून सगळे कॅमेरे सेकंदाला 25 चित्रांवर आणि शटर 1/50 वर ठेवा. मोबाइल आपणहून 30 वर जातो, त्याला सेटिंगमध्ये किंवा वेगळ्या कॅमेरा ॲपमध्ये जाऊन 25 वर आणावं लागतं. शटर 1/60 राहिलं तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिव्यांत चित्रावरून पट्टे सरकताना दिसतात. ध्वनी सगळीकडे 48 किलोहर्ट्झवर. ही तयारी झाली की सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा, म्हणजे 40 मिलिसेकंदांचा, एक घर मिळतं आणि पुढचा सगळा हिशोब या घरांत करता येतो. आपण त्याला फ्रेमच म्हणू.

पडदा उघडण्याआधी, रंगमंचावर दिवा असताना, एकाने मध्यभागी उभं राहून हात पूर्ण पसरून एक ठसठशीत टाळी वाजवावी. तिन्ही कॅमेरे तोपर्यंत सुरू झालेले असावेत आणि तिन्हींना ते हात दिसावेत. तिसऱ्या घंटेचा आवाजही सगळ्यांत येतो, पण घंटा विंगेत असते, दिसत नाही. टाळी दिसते आणि ऐकूही येते, हा तिचा उपयोग. अंक संपल्यावर, कॅमेरे बंद करण्याआधी, तशीच दुसरी टाळी. ही दुसरी टाळी बहुतेक जण घेत नाहीत, आणि खरी माहिती तिच्यातच असते.

पहिल्या टाळीशी लोक चुकतात ते आवाजाच्या वेगामुळे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये 13.6 मीटर. माळ्यावरचा कॅमेरा 27 मीटरवर आहे, म्हणजे त्याला टाळी वाजते तेव्हाच दिसते पण ऐकू येते ती दोन फ्रेम उशिरा. बाजूच्या कॅमेऱ्यांना जेमतेम अर्धी फ्रेम. आता संकलनाच्या सॉफ्टवेअरला तुम्ही आवाजाच्या लहरींवरून जुळवायला सांगितलं, तर ते माळ्यावरच्या कॅमेऱ्याचा उशिरा आलेला आवाज रेकॉर्डरच्या आवाजाशी बसवतं आणि त्यासाठी त्याचं चित्र दोन फ्रेम आधी ओढतं. मग जवळच्या चित्रावरून लांबच्या चित्रावर गेलात की नटाचा उचललेला हात एकदम पुढे उडी मारतो. दोन फ्रेम कमी वाटतात, पण थप्पड, उडी किंवा नाचाच्या ठेक्यावर त्या दिसतात.

हेही इथे थांबत नाही. मैदानात लाउडस्पीकर असतात. मिक्सरमधून स्पीकरपर्यंत आवाज तारेतून जातो, म्हणजे जवळपास तत्काळ. माळ्यापासून पाच मीटरवर स्पीकर असेल तर त्या कॅमेऱ्याला टाळी स्पीकरमधून लवकर आणि रंगमंचावरून नंतर अशी दोनदा ऐकू येते. त्यामुळे अंतर मोजून दोन फ्रेम सरकवण्याचा नियमही डोळे मिटून लावू नका. सॉफ्टवेअरला लहरींवरून ढोबळ जुळवू द्या, मग प्रत्येक कॅमेऱ्यात तळहात पहिल्यांदा एकमेकांना टेकलेली फ्रेम शोधा आणि चित्र चित्राशी जुळवा. त्यानंतर ज्या आवाजावर नाटक चढवायचं आहे तो रेकॉर्डरचा आवाज त्याच फ्रेमवर आणा. कॅमेऱ्यांचे आवाज बंद करून टाका. त्यांचं काम ओळख पटवण्यापुरतंच होतं.

अगदी बरोब्बर जमत नसेल तर आवाज चित्रापेक्षा किंचित उशिरा असू द्या, आधी नको. आंतरराष्ट्रीय प्रसारणाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला जाणवतो, उशिरा आला तर मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. दूरच्या माणसाचा आवाज उशिरा येण्याची कानाला जन्मापासून सवय आहे, आधी येण्याची नाही.

आता दुसरी टाळी. प्रत्येक कॅमेऱ्यात आणि रेकॉर्डरमध्ये आपापलं घड्याळ असतं आणि ती घड्याळं एकसारखी चालत नाहीत. दोन यंत्रांत दहा लाखांत वीस एवढाच फरक असला तरी दोन तासांत तो 0.144 सेकंद होतो, म्हणजे साडेतीन फ्रेम. नाटकाच्या सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटच्या प्रवेशात सुटलेले दिसतात ते यामुळे. आपल्या प्रयोगात समजा पहिल्या अंकाच्या शेवटी दोन्ही मोठे कॅमेरे रेकॉर्डरशी जुळले, पण मोबाइलवरची टाळी चार फ्रेम उशिरा पडली. अंक साठ मिनिटांचा, म्हणजे दर पंधरा मिनिटांना एक फ्रेम. मोबाइलचा तुकडा साधारण पंधराव्या, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास कापा, आणि प्रत्येक कापानंतरचा भाग आधीच्यापेक्षा एक फ्रेम अलीकडे घ्या. काप तेव्हाच ठेवा जेव्हा त्या कॅमेऱ्याचं चित्र वापरात नाही. चूक कधीही एका फ्रेमच्या बाहेर जात नाही आणि आवाजाला हात लागत नाही. आवाज ताणून जुळवण्याच्या फंदात पडू नका, गाण्याचा सूर हलतो.

मध्यंतरात सगळे कॅमेरे थांबवून पुन्हा सुरू करा आणि नवी टाळी घ्या. साचलेला फरक शून्यावर येतो, शिवाय एखाद्या कॅमेऱ्यात बिघाड झाला तर एकच अंक जातो. महागड्या चित्रीकरणात प्रत्येक कॅमेऱ्यावर टाइमकोडची डबी लावतात आणि तिचं घड्याळ दिवसभरात एखाद्या फ्रेमपेक्षा कमी सरकतं. ती भाड्याने मिळाली तर घ्या. तरीही टाळी घ्याच, कारण डबी नीट लागली होती का हे टाळीच सांगते.

मोबाइलची आणखी एक खोड आहे. सेकंदाला 25 चित्रं सांगितली तरी अंधारात तो चित्रांचा वेग मध्येच कमी-जास्त करतो. अशा फितीत फरक सरळ वाढत नाही, मध्येच दोन फ्रेम पुढे, मध्येच एक मागे असा येतो, आणि वरचा पंधरा मिनिटांचा हिशोब लागू पडत नाही. म्हणून मोबाइलची फीत संकलनात घेण्याआधी एकसारख्या वेगाची करून घ्या. संगणकावर ffmpeg असेल तर एवढं पुरतं:

```
ffmpeg -i mobile.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -ar 48000 mobile_25.mp4
```

यानंतर दोन्ही टाळ्या पुन्हा तपासा. मूळ फीत पुसू नका.

कार्डाचाही अंदाज आधी घ्या. सेकंदाला 50 मेगाबिटवर मुद्रण करणारा कॅमेरा तासाला साधारण 22 जीबी भरतो, म्हणजे अडीच तासांच्या प्रयोगाला 56 जीबी. 128 जीबीचं कार्ड बरोबर बसतं. काही कॅमेरे प्रत्येक 4 जीबीला नवी फाइल सुरू करतात, या वेगाला सुमारे अकरा मिनिटांनी. कार्डावरचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवा. फाइली एकेक निवडून ओढल्या तर त्यांच्या सांध्यांत एक-दोन फ्रेम गळण्याची शक्यता असते आणि त्या गळल्या की पुढचं सगळं सरकतं. काही कॅमेरे अर्ध्या तासाला आपोआप थांबतातही. भाड्याचा कॅमेरा असेल तर आदल्या दिवशी घरी तासभर चालवून बघा.

कॅमेरे कुठे ठेवायचे याचा एकच कडक नियम आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेवरून डावीकडून उजवीकडे एक रेघ कल्पून घ्या आणि तिन्ही कॅमेरे प्रेक्षकांच्याच बाजूला ठेवा. विंगेतून, पलीकडून घेतलेलं चित्र स्वतंत्रपणे छान दिसतं, पण मधे घातलं की डावीकडे बघणारा नट अचानक उजवीकडे बघायला लागतो आणि तो कुणाशी बोलतोय तेच कळत नाही.

माळ्यावरचा कॅमेरा पूर्ण रंगमंच दाखवतो आणि नाटकभर हलत नाही. त्याला मास्टर म्हणतात. इतर दोघांत काही गडबड झाली की आपण याच्याकडे पळतो. तो कधीही झूम करत नाही, त्याच्याजवळ कुणी उभं राहत नाही, कारण फळ्यांवर एक पाऊल पडलं तरी लांबून घेतलेलं चित्र थरथरतं. जत्रेत मागचे लोक उभे राहतात, काही जण पोराला खांद्यावर घेतात. माळ्याची उंची त्या पोराच्या डोक्याच्या हिशोबाने धरा.

बाकी दोघांच्या वाटण्या ठरवून द्या. गावात तिघांना एकमेकांशी बोलायला हेडसेट नसतात आणि घाटाच्या पायथ्याशी मोबाइलचं जाळंही भरवशाचं नाही. म्हणून दुसऱ्याने नेहमी बोलणाऱ्यावर राहावं आणि तिसऱ्याने ऐकणाऱ्यावर. बोलणारा बदलला की दोघांनी एकाच वेळी हलायचं नाही. सुऱ्याचा प्रसंग हातून जातो तो नेमका दोघंही एकाच नायिकेवर गेल्यामुळे.

उजेड आणि फोकस हाताने लावा. काळ्या पडद्यासमोर उजळलेला एक चेहरा असला की आपोआप चालणारा कॅमेरा काळं जास्त बघून चित्र उजळवतो आणि चेहरा पांढरा पडतो. ब्लॅकआउट झाला की तोच कॅमेरा अंधारातून काहीतरी शोधत मागेपुढे फोकस करत बसतो. चेहरा नीट दिसेल एवढा उजेड धरा आणि बाकी रंगमंच थोडा काळोखात राहिला तरी राहू द्या. पांढऱ्या रंगाचा समतोल तिन्हींवर एकाच आकड्याला बांधा, जुने हॅलोजन असतील तर 3200 केल्विन, नव्या एलईडीला बहुधा 5600. प्रकाशयोजना करणाऱ्याशी आधी बोला. नुसता गडद निळा किंवा लाल दिवा डोळ्यांना चालतो, कॅमेऱ्यात त्यात चेहऱ्याचे तपशील उरत नाहीत. त्या प्रसंगात समोरून थोडासा पांढरा उजेड टाकायची विनंती करा.

पौष-माघातल्या जत्रांना दहिवराची काळजी घ्या. रात्री दहानंतर घाटाखाली दव पडायला लागतं आणि भिंगावर हळूहळू धुकं चढतं. छोट्या पडद्यावर ते कळत नाही, चित्र थोडं मऊ झाल्यासारखं वाटतं इतकंच. दिव्यांभोवती वलय दिसायला लागलं की भिंग तपासा. भिंगाला हूड लावा, कॅमेऱ्यावरून जाड कापड टाका, आणि पुसायला भिंगाचंच कापड ठेवा.

थेट कॅमेरे बदलणं, म्हणजे लाइव्ह स्विचिंग, करायचं का हा निर्णय गरजेवर घ्या. गावात मागच्या लोकांसाठी मोठा पडदा लावला असेल, किंवा मुंबईत-वाशीत नोकरीला असलेल्यांना प्रयोग त्याच रात्री दाखवायचा असेल, तर करावंच लागतं. नुसती फीत हवी असेल तर तीन कॅमेऱ्यांची वेगवेगळी मुद्रणं घेऊन नंतर शांतपणे कापणं जास्त चांगलं. दोन्ही करायचं असेल तर स्विचरचं कापलेलं चित्र मुद्रित होत असतानाच प्रत्येक कॅमेरा आपल्या कार्डावरही मुद्रण करत राहू दे. थेट कापलेलं चित्र हा पहिला खर्डा समजा. प्रयोगात एखाद्या ठिकाणी चुकीचा कॅमेरा दिसला तर तेवढाच तुकडा कार्डावरून बदलता येतो. एटीईएम मिनी प्रो आयएसओसारखे काही स्विचर प्रत्येक कॅमेऱ्याचं मुद्रण वेगळंही ठेवतात आणि तुमचे सगळे काप डाविंची रिझॉल्व्हमध्ये उघडतील अशी फाइल बनवतात.

तारांचा प्रश्न मोठा आहे. साधी एचडीएमआय तार दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची नाही, चित्र मधूनमधून काळं पडतं. माळा 27 मीटरवर आहे, म्हणून तिथून एसडीआय तार ओढा, ती एचडी चित्रासाठी शंभर मीटरपर्यंत चालते, आणि दोन्ही टोकांना रूपांतराच्या डब्या लावा. तारा लोकांच्या पायांखालून नेऊ नका, मांडवाच्या खांबांवरून वरून न्या. स्विचर आणि रेकॉर्डर छोट्या यूपीएसवर ठेवा. जनरेटर बदलताना दोन सेकंद वीज गेली तरी स्विचर पुन्हा चालू व्हायला अर्धं मिनिट घेतो आणि तेवढ्यात प्रवेश निघून जातो.

स्विचरमध्ये चित्र थोडं उशिरा बाहेर पडतं, मिक्सरमधला आवाज मात्र लगेच येतो. म्हणजे आवाज आधी, जो कानाला सर्वांत जास्त खटकतो. सुरू करण्याआधी टाळी मुद्रित करा, फ्रेम मोजा आणि स्विचरमध्ये आवाजाला तितका विलंब द्या. हे दरवेळी नव्याने करावं लागतं, कारण कॅमेरा बदलला की विलंब बदलतो.

थेट कापणाऱ्याने नाटक निदान दोनदा बघितलेलं असावं, त्यातली एक रंगीत तालीम. 2009 साली लंडनच्या नॅशनल थिएटरने सिनेमागृहांसाठी नाटकांचं थेट प्रक्षेपण सुरू केलं तेव्हापासून तिथेही आधी कॅमेऱ्यांसह तालीम होते. गावात एवढं शक्य नसलं तरी संहितेची एक प्रत घ्या आणि तालमीत समासात पेन्सिलीने लिहा: इथे एन्ट्री, मास्टर. इथे हशा, धरून ठेव. इथे पत्र फाडतो, तीन. प्रॉम्प्टरशेजारी बसून ही प्रत तयार केली तर उत्तम, कारण नट कुठे शब्द गाळतो हे त्यालाच ठाऊक असतं.

कधी कापायचं? एन्ट्री आणि एक्झिटला मास्टर, कारण कोण कुठून आलं हे दिसायला हवं. दोघांच्या भांडणात वाक्य संपण्याच्या किंचित आधी ऐकणाऱ्यावर जा, त्याचा चेहरा उत्तर द्यायला लागलेला असतो. हशा आला की कापू नका. नट हशासाठी थांबलेला असतो आणि त्याचा थांबा हा अभिनयाचाच भाग आहे. स्वगताला एकाच कॅमेऱ्यावर राहा, दोन मिनिटं झाली तरी चालेल. गाण्यात काप समेवर टाका. आणि ज्याच्यावर जायचं त्या कॅमेऱ्याचं चित्र स्थिर झालंय हे छोट्या पडद्यावर पाहूनच बटण दाबा. झूम चालू असताना गेलात तर तो क्षण कापणाऱ्याचा दिसतो, नटाचा राहत नाही.

इंटरनेटवर थेट पाठवायचं असेल तर कसाऱ्याच्या आसपास नेटवर्कची परीक्षा प्रयोगाच्या वेळीच घ्या. दुपारी वेग चांगला असतो, रात्री नऊला मैदानात हजार फोन जमले की तोच टॉवर दमतो. पूर्ण एचडीला वर जाणारा वेग सातत्याने सेकंदाला सहा-आठ मेगाबिट हवा, तेव्हा चार-पाचवर पाठवता येतं. तेवढा नसेल तर 720 वर पाठवा, मुद्रण मात्र पूर्ण एचडीतच ठेवा.

नाटकात कटअवे फार लागत नाहीत. नटाने रंगमंचावर उभं केलेलं जग तोडून मध्येच प्रेक्षकांतल्या आजीचा चेहरा दाखवला तर ते जग मोडतं. हशाला किंवा अंकाच्या शेवटी एखादा पुरतो, आणि तो त्याच रात्रीचा हवा. मध्यंतरात घेतलेले हसरे चेहरे करुण प्रसंगाच्या टाळ्यांना लावू नका, बघणाऱ्याला फसवल्यासारखं होतं.

व्याख्यानाचं उलट असतं. शहापूरच्या महाविद्यालयात किंवा मुरबाडच्या वाचनालयात एखादा वक्ता तासभर बोलतो तेव्हा दोन कॅमेरे पुरतात, एक वक्त्यावर आणि दुसरा मोकळा. पण तासाभरातून पंचवीस मिनिटांची फीत करायची असते आणि मधलं वाक्य काढलं की वक्त्याचं डोकं एकदम उडी मारतं. त्या उडीवर तीन ते पाच सेकंदांचा कटअवे टाकतात: वही लिहिणारी मुलगी, वक्त्याचे हात, टेबलावरची पुस्तकं, पूर्ण सभागृह. म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्याने निम्मा वेळ हेच गोळा करावं, प्रत्येक दृश्य दहा सेकंद न हलता. श्रोत्याची नजर वक्त्याच्याच दिशेला आहे ना, हेही बघा. वक्ता पडद्यावर काही दाखवणार असेल तर त्या पडद्याचं चित्रीकरण करू नका, आधी त्याच्याकडून फाइल मागून घ्या आणि संकलनात थेट तेच पान लावा. आणि हे कापताना वक्त्याच्या म्हणण्याचा अर्थ बदलत नाही ना, हे त्याला फीत दाखवून विचारा.

हक्कांचं बोलणं मंडळाने कॅमेरे भाड्याने घेण्याआधी उरकायला हवं. नाटककाराने प्रयोगाची परवानगी दिली म्हणजे चित्रीकरणाची आणि ते इंटरनेटवर टाकण्याची परवानगी मिळाली असं नसतं. ती वेगळी आणि लेखी घ्यावी लागते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत हक्क राहतो, म्हणून जुनं नाटक आहे एवढ्यावर जाऊ नका. नटांकडूनही एका कागदावर सही घ्या, कलाकाराचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. पार्श्वसंगीताला सिनेमाची गाणी वापरली असतील तर यूट्यूब बहुधा फितीचा आवाज बंद करेल किंवा तिच्यावर दावा लावेल. ती गाणी मिक्सरवर वेगळ्या वाहिनीतून वाजवली आणि तीही वेगळी मुद्रित केली, तर नंतर संवाद ठेवून तेवढंच संगीत बदलता येतं.

प्रयोगानंतर त्याच रात्री, तारा गुंडाळण्याआधी, सगळी कार्डं दोन वेगवेगळ्या डिस्कांवर उतरवा आणि प्रत्येक फाइल शेवटाजवळ उघडून दुसरी टाळी दिसते का बघा. फोल्डरच्या नावात तारीख, अंक आणि कॅमेऱ्याचा क्रमांक लिहा. एक डिस्क मंडळाकडे ठेवा, दुसरी चित्रीकरण करणाऱ्याकडे. पेन्सिलीच्या खुणा असलेली संहितेची प्रत मंडळाच्या डिस्कसोबत बांधून ठेवा. पुढच्या वर्षी तेच नाटक पुन्हा उभं राहिलं तर कापणाऱ्याला ती आयती मिळेल.